उत्तरसूचीबाहेरची बरोबर उत्तरे

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

घोडपदेवच्या आमच्या क्लासमध्ये दोन तऱ्हेची मुले एकाच सतरंजीवर बसतात. राज्य मंडळाची मुले सहावीत कागदाची घडी घालून सममिती शिकतात आणि आलेख कागदावरचे निर्देशक त्यांना थेट नववीत भेटतात. केंब्रिजच्या अभ्यासक्रमाच्या शाळेत जाणाऱ्यांना मात्र सातवी-आठवीतच दोन्ही एकदम गळ्यात पडते. यंदा सुट्टीच्या अभ्यासाला त्यांना परावर्तन, रोटेशन आणि सममिती यांची सरावपत्रिका मिळाली आहे. तिच्यामागे उत्तरसूचीही आहे, पण शेवटचे पान सोडले तर तिच्यात नुसते बिंदू दिलेत. आकृती कुठून कशी गेली, हे एका शब्दानेही सांगितलेले नाही. आणि प्रश्न तर ‘संपूर्ण वर्णन करा’ असा आहे.

म्हणून मीच उत्तरे लिहायला घेतली. सगळीकडे एकच त्रिकोण वापरणार आहे: अ(१, १), ब(४, १), क(४, ३). पाया तीन घरांचा, उभी बाजू दोन घरांची, काटकोन बपाशी. हा त्रिकोण कुठूनही दुमडला तरी स्वतःवर बसत नाही. तो मुद्दामच तसा निवडला आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज परावर्तन. पहिले गणित वाय-अक्षात, म्हणजे सोपेच. अक्षापासून अ एक घर उजवीकडे आहे, म्हणून त्याची प्रतिमा एक घर डावीकडे. ब आणि क चार घरे उजवीकडे, म्हणून चार घरे डावीकडे. उत्तर (−१, १), (−४, १), (−४, ३). नियम (x, y) → (−x, y).

दुसऱ्या गणितात आरसा x = −१ या उभ्या रेषेवर आहे, आणि निम्मी मुले इथेच घसरतात. त्यांनी पाठ केलेले असते की परावर्तन म्हणजे चिन्ह बदलायचे. आरसा कुठेही असो, ती पहिलेच उत्तर पुन्हा लिहून मोकळी होतात. इथे नियम बाजूला ठेवून घरे मोजावीत. x = −१ या रेषेपासून अ दोन घरे उजवीकडे आहे, म्हणून रेषेच्या डावीकडे दोन घरे, (−३, १). ब आणि क पाच घरे लांब आहेत, म्हणून (−६, १) आणि (−६, ३). ताळा करायला बिंदू आणि त्याची प्रतिमा यांचा मध्य काढावा. १ आणि −३ यांचा मध्य −१ येतो, म्हणजे तो नेमका आरशावर पडतो. मध्य आरशाबाहेर गेला तर उत्तर चुकले, एवढे पुरे.

तिसरा आरसा तिरका, y = x. इथे दोन्ही निर्देशकांची अदलाबदल होते: ब(४, १) जातो (१, ४) वर आणि क(४, ३) जातो (३, ४) वर. अ(१, १) जागचा हलत नाही, कारण तो आरशावरच उभा आहे. “बाई, अचं उत्तर लिहायचंच राहिलं वाटतं,” असे एकीने विचारले. राहिले नाही, न हलणे हेच त्याचे उत्तर, आणि तेही लिहायचे असते.

वर्णन लिहिताना ‘परावर्तन’ एवढाच शब्द टाकून भागत नाही. आरशाची रेषा सांगितली तरच वर्णन पुरे होते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रोटेशनला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या बिंदूभोवती, किती अंशांत आणि कोणत्या दिशेने. आजचे गणित आरंभबिंदूभोवती ९० अंश, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. नियम (x, y) → (−y, x). त्रिकोण जातो (−१, १), (−१, ४), (−३, ४) वर.

यातला पहिला बिंदू पाहून वर्गात गलका झाला. कालच्या वाय-अक्षातल्या परावर्तनातही अ(१, १) हा (−१, १) वरच गेला होता! एकच कोपरा पाहून परावर्तन की रोटेशन, हे ठरवणाऱ्याची इथे फसगत होते. पत्रिका काढणारे पहिला बिंदू असा निवडतातही.

यावर मी मुलांना एक चाचणी शिकवते. अपासून बकडे चालत निघालो असे धरायचे आणि क कोणत्या हाताला येतो ते पाहायचे. मूळ त्रिकोणात आपण उजवीकडे चाललो आहोत आणि क वर आहे, म्हणजे डाव्या हाताला. आजच्या उत्तरात (−१, १) पासून (−१, ४) कडे सरळ वर चालायचे, आणि क आहे (−३, ४) वर, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. कालच्या परावर्तनात (−१, १) पासून (−४, १) कडे डावीकडे चालायचे होते आणि क वर होता. तो उजव्या हाताला येतो. हात बदलला तर आरसा आला. नाही बदलला तर आकृती फिरली आहे किंवा नुसती सरकली आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पत्रिकेतला सर्वांत अवघड प्रश्न उलटा आहे: दोन्ही आकृत्या दिल्यात, वर्णन तुम्ही शोधा. आपल्या त्रिकोणाची प्रतिमा आहे (१, −१), (१, २), (−१, २). मोठ्या वर्गांच्या परीक्षेत अशा प्रश्नात प्रकार, कोन आणि केंद्र यांना वेगवेगळे गुण असतात, त्यामुळे केंद्र सापडले नाही तरी बाकीचे सोडू नये.

आधी हात पाहिला. (१, −१) पासून (१, २) कडे वर चालताना क डावीकडे आहे. हात बदलला नाही, म्हणून परावर्तन बाद. मूळची अब बाजू आडवी, उजवीकडे जाणारी; प्रतिमेत ती उभी, वर जाणारी. बाजूची दिशाच बदलली, म्हणजे नुसते सरकणेही नव्हे. उजवीकडून वर वळणे म्हणजे काट्यांच्या उलट ९० अंश. केंद्र कुठे आहे ते कळायच्या आधीच कोन आणि दिशा हाती आली.

आता केंद्र. मुले सवयीने आरंभबिंदू लिहितात. पण आरंभबिंदूभोवती फिरवले असते तर अ(१, १) हा (−१, १) वर गेला असता. तो गेला आहे (१, −१) वर, म्हणून केंद्र दुसरीकडे आहे. फिरताना प्रत्येक बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर तेच राहते, त्यामुळे बिंदू आणि त्याची प्रतिमा जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर केंद्र असणारच. (१, १) आणि (१, −१) यांचा लंबदुभाजक म्हणजे खुद्द एक्स-अक्ष. ब(४, १) आणि (१, २) यांचा मध्य (२·५, १·५). हा रेषाखंड तीन घरे डावीकडे जाताना एक घर वर चढतो, म्हणून त्याचा लंब एक घर बाजूला जाताना तीन घरे चढतो किंवा उतरतो. मध्यापासून अर्धे घर डावीकडे आणि दीड घर खाली आले की (२, ०) मिळतो, आणि तो एक्स-अक्षावरच आहे. केंद्र सापडले.

ताळा करायला बटर पेपरवर त्रिकोण गिरवला, (२, ०) वर पेन्सिलीचे टोक दाबून धरले आणि कागद काट्यांच्या उलट पाव फेरी फिरवला. तिन्ही कोपरे बसले. उत्तर: ‘(२, ०) या बिंदूभोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंशांत रोटेशन.’

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

आजपासून दारापुढे रांगोळ्या सुरू झाल्या. सममितीचा धडा आज गॅलरीतच उरकला. पहिल्या दारात स्वस्तिक होते, समोरासमोरच्या ठिपक्यांवर काढलेले. ते पाव फेरीने फिरवले की जसेच्या तसे दिसते, म्हणजे एका पूर्ण फेरीत चार वेळा. त्याची रोटेशन सममिती चौथ्या क्रमाची. पण घडी घालायला एकही रेषा सापडत नाही. सहावीतली मुले अडून बसली की मधोमध आडवी रेषा चालेल. आरसा धरून दाखवला, तेव्हा स्वस्तिकाचे हात उलट्या दिशेला वळलेले दिसले. फिरवल्यावर सममित असलेली आकृती दुमडल्यावरही सममित असतेच असे नाही, हे तिथे पटले.

दोन दारे सोडून १३ ते ७ मधल्या ठिपक्यांचे सहा पाकळ्यांचे फूल होते. मधल्या ओळीत १३ ठिपके, वर-खाली एकेक कमी होत ७ पर्यंत. या मांडणीचा षट्कोन होतो आणि फूल ६० अंशांत फिरून स्वतःवर बसते. आठवीतल्या एकाने लगेच विचारले, “मग सरावपत्रिकेत ६० अंश का नाहीत?” आलेख कागदाची घरे चौकोनी आहेत म्हणून. (२, ०) हा बिंदू आरंभबिंदूभोवती ६० अंश फिरवला तर तो (१, १·७३) च्या आसपास पडतो, रेषांच्या छेदावर येत नाही. चौकोनी घरांवर कोणत्याही आकृतीचे सगळे कोपरे पुन्हा छेदांवर यायचे तर ९०, १८० आणि २७० अंशच कामाचे.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज शेवटचे पान तपासले आणि वाद झाला तो इथेच. त्रिकोण (१, १), (३, १), (२, ४); प्रतिमा (−१, १), (−३, १), (−२, ४). कोपऱ्यांना अक्षरे नाहीत. उत्तरसूची सांगते, वाय-अक्षात परावर्तन. सातवीतल्या एकीने लिहिले होते, चार घरे डावीकडे सरकवले. सूचीप्रमाणे तिला शून्य.

तिचे उत्तर करून पाहिले: (१, १) जातो (−३, १) वर, (३, १) जातो (−१, १) वर, (२, ४) जातो (−२, ४) वर. तिन्ही जागा त्याच. हा त्रिकोण x = २ या रेषेवर दुमडतो, म्हणून दुमडून नेला काय आणि सरकवून नेला काय, डोळ्यांना फरक दिसत नाही. बुधवारची हातांची चाचणीही इथे लंगडी पडते, कारण ती अक्षरांवर चालते.

मग पुढच्या गणितातला चौरसही पाहिला: (१, १), (३, १), (३, ३), (१, ३), आणि त्याची वाय-अक्षापलीकडची प्रतिमा. याचे वर्णन वाय-अक्षात परावर्तन, चार घरे डावीकडे सरकणे, आरंभबिंदूभोवती काट्यांच्या उलट ९० अंश, (०, २) भोवती १८० अंश किंवा (०, ४) भोवती काट्यांच्या दिशेने ९० अंश, यांपैकी काहीही असू शकते. पाचही बरोबर. परावर्तन आणि सरकणे एकत्र करून आणखी तीन मिळतात. एकूण आठ. चौरसाच्या स्वतःच्या सममिती किती? घडीच्या चार रेषा आणि चार रोटेशन, पूर्ण फेरी धरून. आठच. समद्विभुज त्रिकोणाला घडीची एक रेषा आणि पूर्ण फेरी, म्हणून दोन उत्तरे. आमच्या अ-ब-क त्रिकोणाला पूर्ण फेरीशिवाय काही नाही, म्हणून एकच. आकृतीला स्वतःच्या जितक्या सममिती, तितकी तिच्या प्रवासाची बरोबर वर्णने.

सातवीतल्या मुलीला पूर्ण गुण दिले. सूचीतल्या त्या ओळीखाली दुसरे उत्तर लिहिले आणि बाजूला शेरा टाकला: पुढच्या वेळी कोपऱ्यांना अक्षरे द्या, नाहीतर सगळी उत्तरे धरा.