प्रगतीपत्रक हजेरीपासून वाचा

पहिलं सत्र संपलं की दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना प्रगतीपत्रक दाखवलं जातं. आम्ही नागपुरात उर्दू माध्यमाच्या सहावीला गणित आणि मराठी शिकवतो. पालक येतात, गणितासमोरचा आकडा बघतात, सही करतात आणि निघतात. पाच मिनिटंही लागत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा असेच आले होते. गणितात 54 गुण, श्रेणी क-1. ते म्हणाले, "मॅडम, हिला गणित जमत नाही. आठवीपर्यंत शिकू दे, मग घरी अम्मीच्या हाताखाली राहील."

मुलगी शेजारीच उभी होती. आम्ही त्यांना बसवलं आणि पत्रक पुढे ठेवलं.

आधी 54 हा आकडा कसा तयार होतो ते सांगितलं. सहावीला गणिताचे 100 गुण असतात. त्यातले 50 आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारं तोंडीकाम, कृती, प्रकल्प, छोट्या चाचण्या, वर्गपाठ आणि गृहपाठ यांचे. उरलेले 50 संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. त्यात 10 तोंडी आणि 40 लेखी. या मुलीला आकारिकमध्ये 34, तोंडीत 7 आणि लेखीत 13 मिळाले होते. त्याच वर्गात आणखी एका मुलीला 54 च होते, पण आकारिक 21, तोंडी 5 आणि लेखी 28. श्रेणी दोघींची क-1. दुसरी पेपर लिहू शकते, पण वर्गात बोलत नाही, वही वेळेवर देत नाही. पहिली रोजचं काम करते आणि पेपरात कुठेतरी अडते. आजार वेगळे, म्हणून इलाजही वेगळे. शेवटच्या रकान्यात मात्र दोघी सारख्याच दिसतात.

मग ती अडली कुठे? आम्ही उत्तरपत्रिका काढली. लेखीत गेलेल्या 27 गुणांपैकी 18 एकट्या अपूर्णांकांचे होते. 1/2 + 1/3 याचं उत्तर तिनं 2/5 लिहिलं होतं. वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवले. बरोबर उत्तर 5/6. छेद आधी सारखे करायचे, ही एकच पायरी तिच्याकडे नव्हती.

ती का नव्हती, याचं उत्तर गुणांत नव्हतं. ते हजेरीत होतं. सत्रात शाळा 89 दिवस भरली आणि ती 74 दिवस आली, म्हणजे शेकडा 83. एकूण आकडा बघून कुणाला काळजी वाटणार नाही. महिन्यांप्रमाणे बघितलं तेव्हा सप्टेंबरमध्ये 23 पैकी फक्त 11 दिवस निघाले. बाकीचे महिने धरले तर 66 पैकी 63. आणि सप्टेंबरमध्येच आम्ही अपूर्णांक शिकवले होते.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा हिची अम्मी बाळंत झाली होती. धाकट्यांना हीच सांभाळत होती."

आता आमची चूकही सांगतो. नोंदीच्या रकान्यात आम्ही लिहिलं होतं, 'गणिताचा अधिक सराव आवश्यक.' हेच वाक्य त्या वर्गात बऱ्याच मुलांपुढे होतं. जे शिकवलंच गेलं नाही त्याचा सराव ती करणार कशाचा? नोंद अशी हवी होती: 'बेरीज-वजाबाकीचे हिशेब तोंडी बरोबर सांगते. सप्टेंबरमधील गैरहजेरीमुळे भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज राहिली आहे.' अशी नोंद वाचून घरातला माणूस काही करू शकतो.

त्यानंतर मधल्या सुट्टीत आम्ही तिला बसवलं. भाकरीचे अर्धे आणि तिसरे भाग कागदावर काढले, मग दोन्हीचे सहा-सहा तुकडे केले. आठ-दहा दिवसांत तिला छेद सारखे करता येऊ लागले. दुसऱ्या सत्रात तिला लेखीत 40 पैकी 26 मिळाले. ती काही वर्गात पहिली आली नाही. पण आठवीनंतर घरी बसवायची गोष्ट अब्बांनी पुन्हा काढली नाही.

म्हणून या वेळी पत्रक हाती आलं की आधी हजेरी बघा, तीही महिन्यांप्रमाणे. मग आकारिक, तोंडी आणि लेखी हे तिन्ही आकडे वेगळे वाचा. नोंद मोघम असेल तर सही करण्यापूर्वी आम्हा शिक्षकांना विचारा: नेमकं कोणतं उदाहरण चुकतं? उत्तरपत्रिका दाखवा. तो दिवस कोणता होता? लेकरू घरी कशासाठी थांबलं होतं, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, हे आम्हाला. पत्रकात या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या नसतात, त्या बसून बोलल्यावरच जुळतात.