बाजाराच्या भोवतीचे रान

कोणत्या जमिनीत काय पिकावे, हे मातीने आणि पाण्याने ठरते, असे आपण सहज म्हणून जातो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे विधान अपुरे वाटते. माती आणि पाणी काय पिकू शकेल ते सांगतात. त्यातले काय पिकवणे परवडेल, हे बऱ्याचदा बाजारापर्यंतची वाट सांगते. आमच्या घराण्यात ही गोष्ट कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. ती दोन रानांनी शिकवली होती.

एक रान बारामतीपासून तीन किलोमीटरवर होते. घरात त्याला 'मळा' म्हणत. दुसरे सुप्याच्या वाटेवर, बाजारापासून वीस किलोमीटर दूर. ते नुसते 'लांबचे रान'. दोन्हीकडे विहीर होती. मळ्यात मेथी, कोथिंबीर, वांगी असत आणि लांबच्या रानात ज्वारी, थोडे हरभरे आणि बांधावर शेरडे. वरवर पाहणारा म्हणे, तिकडे दुष्काळी पट्टा, ज्वारीच येणार. आजी मात्र म्हणायची, "पाणी आहे रे, वाट नाही." त्या विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर मेथी सहज निघाली असती. पण बैलगाडी ताशी चार किलोमीटर चालली तर वीस किलोमीटरला पाच तास लागतात. पहाटेचा लिलाव गाठायचा तर मध्यरात्रीआधी गाडी जुंपावी लागे, आणि जुडी बाजारात उतरेपर्यंत पाने माना टाकत. ज्वारीच्या पोत्याला ही घाई नसते. ते आठवडाभर थांबते, भाव पडला तर घरी परत येते आणि शेवटी भाकरीच्या रूपाने तरी उपयोगी पडते.

पुढे शिक्षणाच्या ओघात योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन माणसाचे नाव वाचनात आले, तेव्हा आजीचे वाक्य आठवले. हा केवळ ग्रंथकार नव्हता, जमीनदार शेतकरी होता. मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो नावाची शेती त्याने 1810 मध्ये घेतली, तिचे बारकाईने हिशेब ठेवले आणि त्यांच्या आधारे 1826 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने एक कल्पित राज्य मांडले. सपाट प्रदेश, सगळीकडे सारखीच माती, मधोमध एकच शहर, आणि माल नेण्यासाठी फक्त घोडागाडी. अशा प्रदेशात शहराभोवती पिकांची वर्तुळे आपोआप उमटतील, असे त्याने दाखवले. सर्वांत आत दूध आणि भाजीपाला, त्याबाहेर जळाऊ लाकडाचे जंगल, मग धान्याचे पट्टे आणि शेवटी चराऊ कुरणे. जंगल शहराच्या इतके जवळ का, याचे आज आश्चर्य वाटते. पण लाकूड जड, किंमत कमी आणि घरोघरी चुलीला रोजची गरज. ते दुरून आणणे कोणालाच परवडत नव्हते.

या वर्तुळांमागचा हिशेब अवघड नाही. एक एकराच्या उत्पन्नातून पिकवण्याचा खर्च वजा करावा, मग बाजारापर्यंतचे भाडे वजा करावे. जे उरते त्याला स्थानाचा खंड म्हणता येईल. ज्या पिकाचा हा खंड त्या जागी सर्वांत जास्त, ते पीक तिथे टिकते. आमच्या दोन रानांवर हा हिशेब लावून पाहू. आकडे समजण्यासाठी गृहीत धरले आहेत, आजचे भाव म्हणून नव्हेत.

समजा, एकरी चाळीस क्विंटल भाजी निघते आणि पिकवण्याचा खर्च जाऊन बाजारात क्विंटलमागे 500 रुपये सुटतात. म्हणजे एकरी 20,000 रुपये. ज्वारी निघते पाच क्विंटल, क्विंटलमागे 1,900 रुपये सुटतात, म्हणजे 9,500. आता भाडे धरू, दर क्विंटलला दर किलोमीटरला 20 रुपये. भाजी वजनाने पुष्कळ, म्हणून तिचे एकरी भाडे प्रत्येक किलोमीटरला 800 रुपयांनी वाढते. ज्वारीचे फक्त 100 रुपयांनी. तीन किलोमीटरवरच्या मळ्यात भाजीचे 17,600 उरतात आणि ज्वारीचे 9,200. तिथे भाजीच हवी. वीस किलोमीटरवर भाजीचे 4,000 उरतात, ज्वारीचे 7,500. तिथे ज्वारी. दोन्ही पिके बरोबरीला येतात ती पंधराव्या किलोमीटरवर. तिथे दोन्हींचे 8,000 उरतात. तीच या वर्तुळाची सीमा. यात वाटेत सुकलेल्या जुड्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर सीमा आणखी आत सरकते, कारण नाशवंतपणा हे अंतरावर बसलेले दुसरे भाडेच असते.

आता भाडे निम्म्यावर आले असे समजा. बैलगाडीच्या जागी टेम्पो आला, रस्ता डांबरी झाला. भाजीचे भाडे किलोमीटरमागे 400 आणि ज्वारीचे 50. सीमा पंधरावरून थेट तीस किलोमीटरवर जाते. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते. लांबच्या रानात तेव्हा भाजीचे 12,000 उरतात आणि ज्वारीचे 8,500. आमच्याकडे नेमके हेच घडले. टेम्पो सुरू झाल्यावर चुलत्यांनी त्याच जुन्या विहिरीवर कोबी आणि टोमॅटो केले. विहिरीचे पाणी वाढले नव्हते. वाट आखूड झाली होती.

पण या भागात वर्तुळे शोधायला निघालेल्या माणसाला ती नकाशावर गोल दिसणार नाहीत. थ्यूनेनचे राज्य सपाट आणि एकसारखे होते. इथे नीरा डावा कालवा पुरंदरकडून बारामतीत आणि पुढे इंदापुरात जातो आणि आपल्यामागे उसाचा लांबट पट्टा ओढत नेतो. उत्तरेचे मोरगाव-सुपे हे जिरायती अंग आणि कालव्याचे बागायती अंग यांत माणसाने आखलेली सरळ रेघ आहे. शिवाय बाजार एकच नाही. उसाची बाजारपेठ गावात नसतेच. ती कारखान्याच्या गव्हाणीत असते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही त्याची शहरे. शंभर किलो उसातून साखर मिळते साधारण दहा-अकरा किलो, आणि तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर वजन घटते, उतारा खाली येतो. जड आणि नाशवंत असे दोन्ही गुण एकाच पिकात आल्यावर कारखान्याला शेताकडे यावेच लागते. कारखाने नव्हते तेव्हा शेतातच गुऱ्हाळ लागे, ते याच कारणाने. गूळ हलका झाला, टिकाऊ झाला, की मग लांबच्या पेठेला जाऊ शके.

उसाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि तिच्यात अनेकांची तक्रारही आहे. कारखाना तोडणी आणि वाहतुकीचा खर्च बिलातून कापतो, पण तो साधारणपणे सर्वांना सरासरीने लागू होत असे. कारखान्याच्या कुंपणाला शेत असलेला आणि दुरून ऊस घालणारा, दोघांच्या टनामागे कपात सारखीच असे. म्हणजे थ्यूनेनचा उतार इथे कागदावर सपाट होई. त्यामुळे एरवी ज्वारी किंवा डाळिंब परवडले असते अशा दूरच्या शेतातही ऊस उभा राही, आणि जवळचा शेतकरी म्हणे, "माझ्या रानातून त्यांचे भाडे जाते." पीक पाहून अंतराचा अंदाज बांधणारा इथे फसे, कारण भाड्याचा नियम निसर्गाने नव्हे, संस्थेने ठरवलेला असे.

बारामतीहून इंदापूरच्या एसटीत खिडकीशी बसले की हे सारे ओळीने दिसते. काटेवाडी, भवानीनगर, सणसरपर्यंत उसाचे राज्य. पुढे लासुर्णे, शेळगाव मागे पडते आणि निमगाव केतकीच्या आसपास पानमळे आणि डाळिंबाच्या बागा लक्ष वेधतात. डाळिंबाचे कोडे सोपे आहे. जाड सालीचे फळ, नीट ठेवले तर आठवडे टिकते, किलोला भाव चांगला. त्याला मुंबई-दिल्ली लांब वाटत नाही. विड्याचे पान मात्र विचार करायला लावते. ते मेथीइतकेच नाजूक, वाळले की मातीमोल. मग ते मोठ्या शहरापासून इतके दूर कसे? उत्तर वजनात आहे. पान हलके असते आणि टोपलीभर पानांना पोतेभर भाजीहून अधिक पैसे मिळू शकतात; ते ओलसर बांधून रातोरात नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीच्या मानाने थोडा पडतो. नुसता नाशवंतपणा पिकाला शहराशी बांधून ठेवत नाही. नाशवंत असून जड आणि स्वस्त असणे त्याला बांधते.

मग एखाद्या रानातले पीक पाण्यामुळे आले की अंतरामुळे, हे ओळखायचे कसे? आमच्या दोन रानांनी सुचवलेली कसोटी साधी आहे. पाणी सारखे आणि अंतर वेगळे अशी दोन शेते शेजारी मांडावीत. मग अंतर सारखे आणि पाणी वेगळे अशी दोन. पहिल्या जोडीत पीक बदलले तर वाट बोलते आहे, दुसऱ्या जोडीत बदलले तर विहीर. दोन्हींत बदलले तर घाईने निष्कर्ष काढू नये.

मळ्याची गोष्ट सांगायची राहिली. शहराला अगदी लागून असलेल्या वर्तुळात आता मेथीचा प्रतिस्पर्धी ज्वारी नाही, घराचा प्लॉट आहे. खंडाच्या त्याच हिशेबात तो उतरतो आणि त्याची बोली अशी असते की कोणतीही भाजी तिला पुरी पडत नाही. आजीच्या पाठीमागे मळ्याचे गुंठे पाडले गेले. घरात मतभेद झाले. धाकट्या चुलत्यांना मुलीचे शिक्षण दिसत होते, थोरल्यांना विहीर. दोघेही आपल्या जागी बरोबर होते. विहीर बुजवण्याआधी थोरल्या चुलत्यांनी तिथल्या वांग्याची रोपे काढून लांबच्या रानात लावली. आज शहराची कोथिंबीर वीस किलोमीटरवरून येते आणि तिच्या भावात टेम्पोचे डिझेल असते.