सात लाखांची तूट

बिस्किटांच्या लाईनमध्ये विक्रीचे दोन आकडे असतात. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला बिल केलं ती प्रायमरी, आणि डिस्ट्रिब्युटरच्या गाडीतून दुकानात माल उतरला ती सेकंडरी. टार्गेट प्रायमरीवर लागतं, इन्सेंटिव्ह प्रायमरीवर मिळतो, रिजनल ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडद्यावर दिसतो तोही प्रायमरीचाच आकडा. त्यामुळे महिनाअखेरीला टार्गेट कमी पडत असेल, तर एक रस्ता कायम मोकळा असतो. एखाद्या डिस्ट्रिब्युटरला फोन करायचा, पुढच्या तारखेचा चेक घ्यायचा आणि गोडाऊनमध्ये माल लावायचा. रिपोर्टमध्ये शंभर टक्के दिसतात. दुकानात मात्र एक पुडाही जास्त गेलेला नसतो.

माझ्याकडे तेव्हा कराड, पाटण, कोरेगाव आणि वडूज असे चार डिस्ट्रिब्युटर होते. जुलैचं टार्गेट बेचाळीस लाखांचं होतं आणि महिना संपताना पस्तीस लाख झाले होते. तूट सात लाखांची. कराडचे अण्णा म्हणजे जुना आणि भला माणूस. ते स्वतःच म्हणाले, "साहेब, अडचण असेल तर पाच लाखांचं बिल टाका. चेक पंधरा तारखेचा देतो." एवढं केलं असतं तर तूट दोन लाखांवर आली असती आणि तिचं खापर पावसावर फोडता आलं असतं.

मी त्यांचा क्लोजिंग स्टॉक पाहिला. कराडची सेकंडरी महिन्याला साधारण चौदा लाख, आणि गोडाऊनमध्ये माल अकरा लाखांचा. म्हणजे जवळजवळ चोवीस दिवसांचा. बिस्किटाला बारा ते पंधरा दिवसांचा स्टॉक पुष्कळ होतो. त्यावर आणखी पाच लाख लावले असते, तर स्टॉक महिन्याच्या वर गेला असता. पावसाळ्यात बिस्किट जास्त दिवस पडून राहणं वाईट. खालच्या थरातले बॉक्स ओल धरतात, पुडे मऊ पडतात, उंदीर लागतात. दुकानदार आधी पॅकिंगची तारीख बघतो आणि जुना माल परत फिरवतो. मग ऑगस्टमध्ये अण्णा नवीन माल उचलणार नाहीत, डॅमेजचा क्लेम येईल आणि तेच पाच लाख ऑगस्टच्या तुटीत उभे राहतील. मी बिल टाकलं नाही. रिपोर्ट पस्तीस लाखांचाच पाठवायचा ठरवलं.

पण नुसता खरा आकडा कळवून भागत नाही. सात लाख कुठे गेले, हे सांगता आलं पाहिजे. जुलैच्या रिपोर्टमध्ये आमच्या भागातले सगळेच ‘अतिवृष्टीमुळे मार्केट बंद’ असं लिहितात, आणि ते अर्धंच खरं असतं. तूट डिस्ट्रिब्युटरवार मांडली तेव्हा पाटण दोन लाख वीस हजार, कराड एक लाख ऐंशी हजार आणि वडूज तीन लाख असं निघालं. कोरेगाव टार्गेटवर होतं. सगळ्यात मोठं भोक वडूजला होतं. वडूज म्हणजे खटाव तालुका, पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे जुलैत पावसाची वाट बघतात. पाटणला कोयनेच्या खोऱ्यात रस्त्यावर पाणी आणि वडूजला आभाळाकडे डोळे, असं असताना दोघांना एकच कारण कसं लागू पडेल?

पावसाने विक्री पडली की दुसऱ्या कशाने, हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. महिन्याची बेरीज बाजूला ठेवायची आणि ज्या दिवशी सेल्समन बीटवर प्रत्यक्ष गेला तेवढेच दिवस बघायचे. पाटण शहराच्या चाळीस दुकानांच्या बीटवर जूनमध्ये एका फेरीत पंचवीस बिलं कापली जायची. जुलैतही सेल्समन गेला त्या फेरीला चोवीस झाली. बिलामागे लाइन्स, म्हणजे एका बिलात किती प्रकारचा माल गेला, त्याही तेवढ्याच. दुकानदाराची मागणी शाबूत होती. तूट सगळी कोयनानगर, हेळवाक आणि मोरगिरीच्या बीटवर होती, कारण तिकडे गाडीच गेली नाही. पाटणपुरता पाऊस हे कारण खरं ठरलं.

वडूजचं चित्र उलटं. तिथला सेल्समन जूनच्या मध्यात नोकरी सोडून गेला होता आणि डिस्ट्रिब्युटरचा पुतण्या ऑर्डर बुक घेऊन फिरत होता. सगळे बीट त्याच्याच्याने होत नव्हते, हे उघड होतं. जागा रिकामी होती म्हणून विक्री पडली, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तो ज्या बीटवर गेला होता तिथेही बिलं सव्वीसवरून पंधरावर आली होती, आणि लाइन्स सहावरून तीनवर. माणूस दुकानाच्या पायरीवर उभा असूनही दुकानदार माल घेत नव्हता. याचं कारण रिकाम्या जागेत सापडणार नव्हतं.

मी त्याच भागातल्या मायणीला गेलो. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात मालकाने गल्ल्याखालून लांबट वही काढली. आमच्या कंपनीच्या पानावर मेपासूनच्या खरेद्या होत्या. बारा बॉक्सवर एक फ्री ही त्या वेळची स्कीम, आणि प्रत्येक खरेदीपुढे पेन्सिलीने ‘१ येणे’, ‘२ येणे’ असं लिहिलेलं. खाली बेरीज, सात बॉक्स. "एवढे द्या आणि मग बोला," तो म्हणाला. "पाच रुपयेवालं ग्लुकोज गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवतो. बाकीचं दुसऱ्या कंपनीचं घेतो, ते स्कीम गाडीवरच देतात." शेल्फवर आमचं क्रीम आणि खारं बिस्किट नव्हतंच. पुढच्या दुकानांतही थोड्याफार फरकाने तेच ऐकलं.

तिथून वडूजचे डिस्ट्रिब्युटर शेठजी यांच्याकडे गेलो. त्यांनी फाइल पुढे ठेवली. मार्चपासूनचे स्कीम आणि डॅमेजचे क्लेम, मिळून एक लाख साठ हजार रुपये, कंपनीकडे अडकले होते. "आधी मी खिशातून दिली स्कीम," ते म्हणाले. "दोन महिने दिली. आता माझा पैसा अडकलाय, मी फ्री माल कुठून काढू?" क्लेम का अडकले तेही फाइलमध्येच होतं. काही बिलांवर दुकानदाराचा शिक्का नव्हता म्हणून ऑफिसने क्वेरी काढली होती. ती क्वेरी गेलेल्या सेल्समनच्या नावावर पडून होती. तो गेल्यावर तिला कुणी उत्तर दिलं नाही आणि ऑफिसनेही पुन्हा विचारलं नाही.

आता साखळी जुळली. क्लेम अडकला म्हणून डिस्ट्रिब्युटरने स्कीम थांबवली, स्कीम थांबली म्हणून दुकानदाराने फक्त चालू माल ठेवला, लाइन्स घटल्या, सेकंडरी पडली आणि प्रायमरीत तीन लाखांचा खड्डा पडला. नुसता नवीन सेल्समन दिला असता, तर तोही त्याच वहीसमोर जाऊन उभा राहिला असता.

रिपोर्टमध्ये मी हे असंच, या क्रमाने लिहिलं. वडूजचं कारण शेवटी आमच्याच ऑफिसात जाऊन पोचत होतं. ते गुळमुळीत शब्दांत लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळलंच नसतं. म्हणून तक्रारीचा सूर न लावता क्वेरीची तारीख, रक्कम आणि ती कुणाच्या नावावर आहे एवढंच दिलं. मायणीच्या वहीच्या पानाचा फोटो दुकानदाराला विचारून सोबत जोडला. कराडबद्दल लिहिलं की होलसेलमध्ये दुसऱ्या कंपनीची जास्त स्कीम चालू आहे, सेकंडरीच उतरली आहे आणि स्टॉक चोवीस दिवसांचा असल्याने मी मुद्दाम बिल केलेलं नाही.

उपाय सुचवताना मी एक पथ्य पाळतो. कुणी करायचं, कधीपर्यंत, किती खर्च आणि जमलं की नाही हे कोणत्या आकड्यावरून कळेल, एवढं सांगता येत नसेल तर तो उपाय लिहायचा नाही. ‘मार्केटवर अधिक लक्ष केंद्रित करू’ हे वाक्य मी रिपोर्टमधून कायमचं काढून टाकलं आहे. वडूजसाठी मागणी अशी केली: शिक्क्यांचे कागद मी पाच तारखेपर्यंत गोळा करतो, ऑफिसने बारा तारखेपर्यंत क्लेम पास करावेत, शेठजींनी दुकानदारांचे राहिलेले फ्री बॉक्स त्याच आठवड्यात द्यावेत आणि मगच नवा सेल्समन बीटवर उतरवावा. सुधारणा लाइन्सवर मोजायची, तीनवरून पाच. पाटणसाठी कोयनानगरला एक सब-स्टॉकिस्ट मागितला. त्याच्याकडे कोरडी खोली आणि जमिनीपासून वर लाकडी फळ्या हव्यात, म्हणजे रस्ता बंद झाला तरी खोऱ्यातल्या दुकानांना माल मिळेल. त्याचं मार्जिन डिस्ट्रिब्युटरच्या मार्जिनमधून निघत नाही, दीड टक्का कंपनीला द्यावा लागेल, हेही स्पष्ट लिहिलं. ऑगस्टचं टार्गेट चव्वेचाळीस लाख होतं. मी एकोणचाळीसचा शब्द दिला.

संध्याकाळी पुण्याहून सरांचा फोन आला.

"कराडला पाच लाख लागत होते, ते का नाही लावलेस?"

"लागले असते सर. पण ते ऑगस्टमध्ये परत आले असते."

"मला वर सात लाखांचं उत्तर द्यायचंय, कल्पना आहे ना?"

"म्हणूनच प्रत्येक लाखाचा हिशेब दिलाय, सर."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकोणचाळीस चालणार नाही, चाळीस धर. वडूजच्या क्लेमचं मी बघतो. सब-स्टॉकिस्टचा दीड टक्का आत्ता मागू नकोस." सर नाराज होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांची बाजूही मला कळत होती, वरच्या मीटिंगला तेच उभे राहणार होते. पण वडूजच्या एक लाख साठ हजारांवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, कारण कागद समोर होते.

ऑगस्टमध्ये एक लाख वीस हजारांचे क्लेम पास झाले. उरलेल्या चाळीस हजारांची बिलं दुकानदारांकडेही सापडली नाहीत, ती रक्कम शेठजींना सोडावी लागली आणि त्याबद्दल ते अजूनही बोलून दाखवतात. दुकानदारांचे राहिलेले बॉक्स वाटून झाल्यावर लाइन्स चारवर आल्या, पाचवर नाहीत. अण्णांचा स्टॉक सोळा दिवसांवर उतरला आणि त्यांनी न सांगता नेहमीची ऑर्डर दिली. महिना साडेएकोणचाळीस लाखांवर बंद झाला. ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत चाळीसच्या शब्दातली पन्नास हजारांची तूट लिहिली, तिच्याखाली वडूजच्या लाइन्स आणि त्याखाली कोयनानगरच्या सब-स्टॉकिस्टची मागणी, दीड टक्क्यासकट, पुन्हा घातली.