गाणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक, लिहिणाऱ्याचे कुणाला?

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. इतरांच्या चुका दाखवताना आमची लेखणी थांबत नाही, मग स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

संविधान दिनाचा आमच्या वस्तीतला कार्यक्रम होता. प्रास्ताविकेचे वाचन झाले, भाषणे झाली आणि शेवटचा तास मुलामुलींच्या गाण्यांचा होता. एका मुलीने गुलाम अली यांची एक गझल बसवली होती. तिला त्यातला एकच शेर पक्का येत होता. दुपारच्या उन्हात प्रियकराला बोलवायला ती अनवाणी गच्चीवर यायची, त्याची आठवण सांगणारा तो शेर. कार्यक्रमपत्रिकेत आम्ही प्रत्येक गाण्यापुढे गायक-गायिकेबरोबर कवीचेही नाव छापतो, हा आमचा जुना नियम आहे. म्हणून त्या गझलेपुढेही नाव छापले : हसन कमाल.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क शिंपी चाचा पत्रिका हातात घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, ये तो हसरत का कलाम है. नाम गलत छाप दिया तुमने." आम्ही ऐटीत उत्तर दिले, "हो का चाचा? हसरत जयपुरी ना, फिल्मवाले?" चाचा हसले आणि म्हणाले, "वो नहीं. दूसरे हसरत." एवढे बोलून ते निघून गेले. पाच मिनिटांत आमच्या दोन चुका झाल्या होत्या. एक छापून झाली, दुसरी तोंडाने.

आता पहिली चूक कशी झाली ते पाहा, कारण ती तुमच्याकडूनही होईल. आम्ही गायकाचे नाव घेऊन शोधायला निघालो. ही गझल १९८२ च्या 'निकाह' या चित्रपटात आहे, हे लगेच सापडले. चित्रपटाचे संगीत रवी यांचे आणि गीतकार हसन कमाल. आम्ही नाव उचलले आणि छापले. पण चित्रपटाचा गीतकार म्हणजे त्यातल्या प्रत्येक गाण्याचा कवी नव्हे. आधीच लिहिलेली आणि मैफलीत गाजलेली गझल निर्माते चित्रपटात घेतात. इथे तेच झाले होते. बाकीची गाणी हसन कमाल यांची, ही एक गझल मात्र चित्रपटाच्या कितीतरी आधीची. गाण्यांचे शब्द देणारी अनेक पाने चित्रपटाचा गीतकार सरसकट प्रत्येक गाण्यापुढे चिकटवतात आणि एकाची चूक दहा जण उतरवून घेतात. दहा ठिकाणी एकच नाव दिसले म्हणजे दहा पुरावे झाले, असे होत नाही.

मग आम्ही शिस्तीने बसलो. गायकावरून जायचे नाही, शेरावरून जायचे, असे ठरवले. गुलाम अली यांनी अनेक शायरांचे कलाम गायले आहे, त्यामुळे गायकाचे नाव आपल्याला दारापर्यंत नेते, घरात नेत नाही.

गझलेची रचना इथे कामाला येते. प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यांना रदीफ म्हणतात. रदीफच्या अलीकडे यमकाचा शब्द असतो, तो काफिया. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींच्या शेवटी काफिया आणि रदीफ येतात. आमच्याकडच्या शेराचा शेवट 'आना याद है' असा होता. आता यातली रदीफ किती? 'याद है' एवढीच, की 'आना' सुद्धा तिचाच भाग? एकाच शेरावरून हे ठरवता येत नाही. ध्वनिमुद्रण पुन्हा लावले आणि बाकीचे शब्द सोडून प्रत्येक शेराचा फक्त शेवट कागदावर लिहिला. 'याद है' जागेवर राहिले, त्याच्या आधीचा शब्द बदलत गेला, पण प्रत्येक वेळी 'आना' हाच आवाज घेऊन आला. म्हणजे रदीफ 'याद है' आणि काफिया 'आना'च्या आवाजाचा. शोधण्याची खरी किल्ली ही.

ऐकलेली अख्खी ओळ टाकून शोधले तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण एखादा शब्द आपण हमखास चुकीचा ऐकलेला असतो. आम्ही 'कोठे' या शब्दाऐवजी काहीतरी भलतेच लिहिले होते. उर्दूत कोठा म्हणजे गच्ची, हे आमच्या कानाला ठाऊक नव्हते. म्हणून खात्रीचे दोन-तीन शब्द आणि रदीफ एवढेच घ्यावे. रोमन लिपीत तर एकाच शब्दाची तीन रूपे असतात : `paon`, `paanv`, `paaon`. एकाने नाही सापडले तर दुसरे टाकावे आणि देवनागरीतही शोधून पाहावे. असे करत `rekhta.org` वर पूर्ण गझल मिळाली. तीच ही 'चुपके चुपके रात दिन', आणि शायर हसरत मोहानी.

चाचांचे 'दूसरे हसरत' हेच. पण एकदा तोंडघशी पडल्यावर आम्ही एका पानावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. पूर्ण गझल मिळण्याचा फायदा असा, की शेवटचा शेर, म्हणजे मक्ता, समोर येतो. मक्त्यात शायर आपले तखल्लुस, म्हणजे टोपणनाव गुंफतो. आपल्या अभंगात 'चोखा म्हणे' येते, वामनदादा कर्डक आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ओवतात, तशीच ही नाममुद्रा. या मक्त्यात 'हसरत' होते. पण आम्ही ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात मक्ताच नव्हता. मोठ्या गझलेतले गायक मोजकेच शेर निवडतो आणि ज्या शेरात कवीची सही असते, तोच बऱ्याचदा गळतो. कवीचे नाव असे हरवते. ते कुणी मुद्दाम पुसलेले नसते, वेळेअभावी कापलेले असते.

तरी नाममुद्रेनेही काम पुरे होत नाही. 'हसरत' नावाचा शायर एकच नाही, हे आम्ही स्वतःच्या फजितीतून शिकलो होतो. शिवाय दुसऱ्याच्या रदीफ-काफियावर नवी गझल लिहिण्याची उर्दूत जुनी रीत आहे. मुशायऱ्यात एक ओळ देऊन सगळ्यांना त्याच घाटात लिहायला सांगतात. त्यामुळे रदीफ आणि काफिया जुळले, म्हणजे तीच गझल असे धरता येत नाही. आपला शेर त्या गझलेत शब्दशः असला पाहिजे. आणि कधी तो नसतोच, कारण मैफलीत गायक रंगात येऊन दुसऱ्याच शायराचा शेर मध्ये पेरतो. तसे असेल तर त्या शेराचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

म्हणून शेवटची पायरी छापील पुस्तकाची. आम्ही एका जुन्या ग्रंथालयातून हसरत मोहानींचे कुल्लियात, म्हणजे समग्र काव्य, मिळवले आणि चाचांच्या दुकानात गेलो, कारण आम्हाला उर्दू लिपी येत नाही. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली सुद्धा नाही. दिवानात गझला रदीफच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमाने लावतात, हे त्यांना ठाऊक होते. 'है' चा शेवट 'ये' या अक्षराने होतो आणि ते वर्णमालेतले शेवटचे, म्हणून त्यांनी थेट मागची पाने उघडली. कुल्लियातमध्ये अनेक दिवान एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे प्रत्येक दिवानाचा 'ये'चा भाग वेगळा पाहावा लागला. थोड्या वेळाने त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. मतला तोच, गच्चीवरचा शेर तोच, मक्त्यात 'हसरत'. या तीन गोष्टी एका छापील पानावर आल्या तेव्हा आम्ही शोध संपला असे म्हटले.

आता हा कवी कोण, तेही ऐका. उन्नाव जिल्ह्यातल्या मोहान गावचे, म्हणून मोहानी. खरे नाव सय्यद फजलुल हसन. 'इन्कलाब जिंदाबाद' ही आपण प्रत्येक मोर्चात देतो ती घोषणा १९२१ साली त्यांनी दिली, असे मानले जाते. त्याच वर्षी काँग्रेसच्या अहमदाबाद अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव त्यांनी मांडला आणि गांधीजींनी त्याला विरोध केला. आणि हे हसरत मोहानी संविधान सभेचे सदस्य होते. बाबासाहेब ज्या सभागृहात मसुदा मांडत होते, त्याच सभागृहात बसून ते त्या मसुद्याला उघड विरोध करत होते, दुरुस्त्या मांडत होते. त्यांचे मत आम्हाला मान्य असण्याचा प्रश्न नाही. पण संविधान दिनाच्या व्यासपीठावर संविधान सभेच्या एका सदस्याची गझल गायली गेली आणि पत्रिकेवर त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव होते, हे आम्हाला मान्य होण्यासारखे नव्हते.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आम्हाला विशेष टोचली. १९०८ साली त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' या मासिकात इजिप्तमधल्या इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख आला. सरकारने लेखकाचे नाव मागितले. त्यांनी ते दिले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात चक्की पिसली. दुसऱ्या लेखकाला वाचवण्यासाठी ज्याने नाव लपवले आणि त्याची किंमत मोजली, त्याचे स्वतःचे नाव आम्ही आळसापायी गमावले होते.

पुढच्या कार्यक्रमात आम्ही व्यासपीठावरून चूक कबूल केली आणि त्या मुलीने गझल पुन्हा गायली. या वेळी तिने मक्ताही पाठ केला होता. चाचा पहिल्या रांगेत बसले होते. 'हसरत' हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान हलवली. पत्रिका मात्र त्यांनी आधीच तपासून घेतली होती.

जय भीम!