अंगठा बदलता येत नाही

मोहोळच्या रेशन दुकानात आई मशीनवर अंगठा ठेवते. शेतात राबून रेषा झिजल्यात, त्यामुळे दोन-तीनदा ठेवावा लागतो. मी संगणक सुरक्षेत काम करते, म्हणून माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो: तिथून निघालेला ठसा कुठल्या कुलपात असतो?

कुलपं दोन असतात. आधारच्या जाहीर तांत्रिक नियमांनुसार यंत्र दरवेळी एक नवी किल्ली बनवतं आणि एईएस-२५६ पद्धतीनं ठसा पेटीत बंद करतं. मग ती किल्ली २०४८ बिटांच्या आरएसए डबीत घालून पेटीसोबतच पाठवतं.

क्वांटम संगणकाचा पेटीला फारसा धोका नाही. धोका डबीला आहे. एक प्रचंड संख्या तिच्या दोन मूळ अवयवांत फोडणं आजच्या संगणकांना जमत नाही, एवढ्याच भरवशावर ती बंद आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. असं यंत्र अजून नाही. पण त्यासाठी २०१९ च्या अंदाजात २ कोटी क्युबिट लागत होते, २०२५ च्या अंदाजात १० लाखांहून कमी.

मग आज घाबरायचं कशाला? कारण आज डबी फोडायची गरजच नाही. वाटेत तिची नक्कल करून ठेवायची आणि यंत्र येईपर्यंत थांबायचं. शिवाय डबीचं कुलूप सगळ्यांना सारखंच असतं. ते एकदा फुटलं, की त्या कुलपाखाली टिपलेल्या सगळ्या डब्या उघडतात.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आधी ती वाहतूक हाती लागायला हवी, आणि तिच्यावर इंटरनेटचं आणखी एक वेष्टन असतं. नुसता ठसा मिळूनही भागत नाही, बोट जिवंत आहे का हेही यंत्रं तपासतात. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठ्याचं काय करणार?

माझी भाची यंदा १५ वर्षांची झाली. या वयात आधारसाठी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. ते तिला ५० वर्षं तरी पुरायचे आहेत. मिशेल मोस्का या गणितज्ञांचा हिशेब इथे लावून बघा: गुपित किती वर्षं टिकायला हवं, त्यात कुलपं बदलायला लागणारी वर्षं मिळवा. समजा, ५० अधिक १०. यंत्र ६० वर्षांच्या आत आलं, तर भाचीला उशीर झालेला असेल.

नवी डबी तयार आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम हे मानक जाहीर केलं. त्यामागचं गणित वेगळं आहे, शोर यांची युक्ती त्याला लागू पडत नाही. पेटी तीच ठेवून डबी बदलता येते. पण नवी डबी उद्याच्या ठशांना वाचवेल. कुणी आधीच नक्कल करून ठेवली असेल, तर ती परत आणता येत नाही. म्हणून यंत्र कधी येईल यापेक्षा डबी कधी बदलणार, हा प्रश्न मला जास्त छळतो.