मामू, ये पास कैसे करना?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एक स्क्रीनशॉट आणि त्याखाली एवढंच: "मामू, ये पास कैसे करना?" ना सलाम, ना खुशाली.

पुरवणी परीक्षेतही गणित राहिल्यापासून पोरगा घरात कोणाशी धड बोलत नव्हता. आपा रोज फोनवर रडायची, "तू मास्तर आहेस, तू तरी समजाव." माझे दोन फोन त्याने उचललेच नव्हते. त्यामुळे तो मेसेज पाहून पहिला मोह झाला तो अर्थातच भाषण देण्याचा. पण त्याने विचारलं होतं ते खेळाबद्दल. म्हटलं, आधी चित्र तरी बघू.

खेळ सोकोबानचा होता. सोकोबान म्हणजे जपानीत गोदामाचा राखणदार. १९८२ साली हा खेळ जपानमध्ये बाजारात आला आणि अजून नाना रूपांत मोबाईलवर चालतो. एक माणूस खोके ढकलतो आणि ठिपक्यांवर नेऊन ठेवतो. खोका ढकलता येतो, ओढता येत नाही. दोन खोके एकदम ढकलता येत नाहीत. नियम एवढेच. पळापळीच्या खेळात उडी कधी मारायची हे फोटोवरून सांगणं कठीण, पण इथे घड्याळ नाही, नशीब नाही. जे आहे ते सगळं चित्रात असतं.

चित्रात पाच घरं रुंद, चार घरं उंच खोली होती. वरून तिसऱ्या ओळीतून उजवीकडे तीन घरांचा एक बंद बोळ निघत होता, आणि तिन्ही ठिपके त्या बोळातच. एक खोका बोळाच्या तोंडाशी, पहिल्या ठिपक्यावर बसून हिरवा झालेला. दुसरा त्याच तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात. तिसरा सगळ्यात वरच्या ओळीत मधोमध, भिंतीला चिकटलेला, आणि माणूस बरोबर त्याच्या खाली उभा.

बघणाऱ्याला वाटतं, अडचण बोळाच्या तोंडाशी आहे. त्या खोक्याने वाट अडवली. पण तो काही मेलेला नाही. डावीकडून दोनदा ढकलला की शेवटच्या ठिपक्यावर जातो. हिरवा झालेला खोका हलवायला पोरं घाबरतात, एवढंच.

मेलेला होता तो वरचा. भिंतीला लागलेला खोका खाली आणायचा तर माणसाला त्याच्या वर, म्हणजे भिंतीत उभं राहावं लागेल. तो त्या ओळीत डावी-उजवीकडे सरकेल, कोपऱ्यात गेला तर तेही संपलं. आणि त्या ओळीत ठिपका एकही नाही. म्हणजे इथून पुढे कितीही डोकं लावा, ही लेव्हल सुटणारच नाही. उत्तर पुढे नव्हतं, मागे होतं. किती मागे? माणूस खोक्याच्या अगदी खालीच उभा, म्हणजे बहुधा शेवटची चाल हीच. एक अनडू पुरे.

मी लिहिलं, "वरचा खोका आता कधीच खाली येणार नाही. एकदा अनडू कर. मग बोळातला खोका आत, पार शेवटपर्यंत ढकल."

पाच मिनिटांनी उत्तर आलं, "किया. फिर अटका."

नवीन फोटो पाहिला. अनडूने वरचा खोका दुसऱ्या ओळीत आला होता, आणि याने घाईने तो वरून एक घर खाली, तिसऱ्या ओळीत ढकलला होता. आता दोन खोके शेजारी शेजारी. उजवीकडच्याला ढकलायला जिथे उभं राहायचं, तिथे डावीकडचा बसलेला. आणि डावीकडच्याला ढकलायला गेलं तर दोन्ही एकदम सरकवावे लागतील. चूक माझी होती. मी क्रम सांगितलाच नव्हता.

"परत एक अनडू," मी लिहिलं. "तिसऱ्या ओळीतला आधी. त्याला पाच ढकलण्यांत मधल्या ठिपक्यावर ने. मग वरचा एकच घर खाली. दोन घरं ढकललास तर तो खालच्या भिंतीला लागेल आणि परत तेच."

बराच वेळ काही नाही. मग तिन्ही खोके हिरवे झालेला फोटो आला. त्याखाली शब्द नव्हता, आणि परीक्षेबद्दल मीही काही लिहिलं नाही. आपाला मात्र सकाळी फोन केला, "बोलतोय तो. आता दोन दिवस त्याला काही विचारू नकोस."

तिसऱ्या दिवशी पुढची लेव्हल आली. या वेळी त्याने चित्रावर डाव्या भिंतीलगत बोटाने लाल रेघ ओढली होती. "मामू, ये लाइन में खोका नहीं ले जाना ना?"

मी फोटो मोठा करून पाहिला. त्या ओळीत खाली एक ठिपका होता.

"इथे चालेल," मी लिहिलं. "पण एकच खोका. कोणता, ते तू सांग."