कळपाचा आकडा आणि गाईचा दाखला

रायपूरच्या पंडरी भागात दूध पोचवणाऱ्या एखाद्या गोपालकाची कल्पना करावी. गोठ्यात ४० गाई, काही देशी, बहुतेक संकरित. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला : ‘दूध ए-२ आहे ना?’ ऑगस्ट २०२४ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनांवरचे ए-१, ए-२ असे दावे काढायला सांगितले आणि थोड्याच दिवसांत ती सूचना मागे घेतली. गोपालकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

दोन्ही प्रकारांत फरक आहे तो बीटा-केसीन या प्रथिनातील एकाच अमिनो आम्लाचा. ६७व्या स्थानी ए-२ मध्ये प्रोलिन असते, ए-१ मध्ये हिस्टिडीन. शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत धाडले, की त्यांतील डीएनएवरून प्रत्येक गाईच्या दोन्ही अलीलांची ओळख पटते.

समजा, अहवाल आला : २८ गाई ए-२ए-२, १० गाई ए-१ए-२ आणि २ गाई ए-१ए-१. एकूण अलील ८०. त्यांपैकी ए-२ अलील ५६ अधिक १०, म्हणजे ६६, वारंवारता ८२.५ टक्के. इथेच पहिली चूक होते. हा आकडा अलीलांचा आहे, गाईंचा नव्हे. निव्वळ ए-२ दूध देणाऱ्या गाई २८, म्हणजे ७० टक्केच. मिश्र गाय दोन्ही प्रथिने दुधात उतरवते आणि सगळे दूध एकाच कॅनमध्ये ओतले, की वेगळेपण संपते.

आता वळूचा विचार. प्रत्येक वासराला अर्धा वारसा त्याच्याकडून मिळतो. वळू ए-२ए-२ असेल आणि सर्व गाई सारख्याच व्याल्या, तर पुढच्या पिढीत ए-१ची वारंवारता १७.५ वरून ८.७५ टक्क्यांवर येते. ए-१ए-१ वासरू एकही जन्मत नाही, पण ४० वासरांत सरासरी ७ मिश्र निघतात. वळू स्वतः मिश्र निघाला, तर हीच वारंवारता सुमारे ३४ टक्क्यांवर चढते. म्हणून गाईंआधी वळूची, किंवा रेतमात्रेच्या वळूची, तपासणी करावी.

‘देशी गाय, मग तपासणी कशाला?’ हा दुसरा सापळा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांनी २००९ मध्ये देशी गोवंशांतील ए-२ची सरासरी वारंवारता ०.९८७ नोंदवली, म्हणजे ए-१ सुमारे १.३ टक्के. एवढ्या विरळ अलीलासाठी २० गाई तपासल्या, तर ४० अलीलांत तो एकदाही न सापडण्याची शक्यता ०.९८७ चा ४०वा घात, म्हणजे जवळजवळ ५९ टक्के. ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांतले अंतर एवढे मोठे आहे.

ए-२ दूध आरोग्याला अधिक हितकारक आहे का, याचे उत्तर या अहवालात नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाला २००९ च्या आढाव्यात ए-१ दूध आणि आजार यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला आढळला नव्हता. गोपालकाला गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहायचे असेल, तर त्या २८ गाईंचे दूध वेगळ्या कॅनमध्ये काढावे आणि ते कोणत्या गाईंचे आहे, एवढेच सांगावे.